'सेशन आवडलं' याच्या पुढचं: थिसिससाठी अध्यापनाचं मूल्यमापन कसं करायचं

वैद्यकीय अध्यापनातल्या एमएचपीई किंवा तत्सम अभ्यासक्रमाचे थिसिस वाचायला माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी निष्कर्षांचं प्रकरण उघडते. बहुतेक वेळा तिथे एकच आलेख असतो. 'सत्र उपयुक्त वाटलं' याला ९० टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांनी होकार दिलेला असतो, आणि शेजारी पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचा एक तक्ता असतो ज्यात गुण वाढलेले असतात. मी स्वतः पहिला प्रकल्प असाच केला होता. माझ्या इंटर्नना सत्र फार आवडलं होतं. दोन महिन्यांनी मी एका ग्रामीण रुग्णालयात गेले, तर त्यांतलाच एक जण सर्पदंशाच्या रुग्णाचं रक्त प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ठेवून घड्याळ बघत उभा होता. सत्रात मी काचेच्या ट्यूबबद्दल दहा मिनिटं बोलले होते. त्या दिवसापासून मूल्यमापनाचा प्रश्न मला निराळा दिसू लागला, म्हणून हा लेख मी त्याच एका उदाहरणाभोवती लिहिते आहे.

आपल्याकडे कोकणात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळसड्यांवर फुरसं आहे, शेतात घोणस आहे, आणि लावणीपासून कापणीपर्यंत ग्रामीण रुग्णालयात दंशाचे रुग्ण येत राहतात. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला जी चाचणी आहे तिला मशीन लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये शिरेतलं २ मिली ताजं रक्त घ्यायचं, ते २० मिनिटं न हलवता खोलीच्या तापमानाला ठेवायचं, मग ट्यूब एकदाच तिरकी करायची. रक्त अजून पातळ असेल तर गोठणक्षमता गेलेली आहे. समजा तुमचा थिसिस असा आहे: ही चाचणी आणि तिच्यावरून घ्यायचा निर्णय इंटर्नना मॅनिकिनवरच्या प्रतिरूप सरावाने शिकवायचा, आणि नेहमीच्या बेडसाइड शिकवणीपेक्षा तो चांगला ठरतो का ते पाहायचं.

आधी शेवट लिहा

सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिलं वाक्य शिकवण्याबद्दल लिहू नका. वॉर्डातल्या एका दृश्याबद्दल लिहा: शिकवणं जमलं असेल, तर रुग्णाजवळ नेमकं काय वेगळं घडताना दिसेल? 'इंटर्नना सर्पदंश व्यवस्थापनाची अधिक जाण येईल' हे उत्तर नाही, कारण जाण कोणाला दिसत नाही. 'संशयित विषारी दंशाच्या प्रत्येक रुग्णात, अँटी-स्नेक व्हेनम सुरू करण्यापूर्वी, काचेच्या ट्यूबमध्ये चाचणी लावली जाईल आणि लावल्याची व पाहिल्याची वेळ केसपेपरवर असेल' हे उत्तर आहे. ते पाहता येतं, मोजता येतं, चुकलं तर सापडतं. एक अट मात्र त्याच वाक्यात घालून ठेवा: हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येत असेल, किंवा पापण्या मिटायला लागल्या असतील, तर चाचणीसाठी एएसव्ही थांबवायचं नाही. ही अट न लिहिता मोजमाप सुरू केलं, तर योग्य वागलेला इंटर्न तुमच्या तक्त्यात नापास दिसेल.

या वाक्यापासून मागे या. वॉर्डात ते घडायचं असेल तर इंटर्नला हाताने काय करता आलं पाहिजे? ते करायला त्याला काय कळलेलं असलं पाहिजे? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ असतात: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. थिसिसमध्ये त्या खालून वर चढण्यासाठी वापरल्या जातात आणि दुसऱ्या पायरीवर दमछाक होते. वरून खाली उतरा, म्हणजे प्रत्येक मोजमाप कशासाठी आहे ते आपोआप ठरतं. त्यासोबत जॉर्ज मिलर यांचा १९९० चा पिरॅमिड शेजारी ठेवावा. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्षात करणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

फीडबॅक फॉर्म टाकून द्या असं मी म्हणत नाही. सत्र रटाळ झालं का, वेळ पुरला का, मॅनिकिन फाटका होता का, हे त्यातूनच कळतं. पण तो शिकण्याचा पुरावा नाही. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सक्रिय पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं, कारण मेहनत करून शिकताना अडखळायला होतं आणि सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. तुमचं प्रतिरूप सत्र जर चांगलं असेल तर त्यात इंटर्न अडखळणारच. म्हणून 'आत्मविश्वास वाढला का' हा प्रश्नही मुख्य निष्पत्ती म्हणून ठेवू नका.

ज्ञान मोजायचं तर निर्णय विचारा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण एक चूक सतत दिसते. पूर्वचाचणीत 'किती मिली रक्त घ्यावं?' असा प्रश्न असतो, सत्रात '२ मिली' लिहिलेली स्लाइड असते, आणि उत्तरचाचणीत तोच प्रश्न परत येतो. गुण वाढणार हे ठरलेलंच आहे. त्याऐवजी असा प्रश्न घाला: काजूच्या बागेत काम करणाऱ्या ४५ वर्षांच्या माणसाला संध्याकाळी पायाला दंश झाला आहे, घोट्यापर्यंत सूज आहे, कुठेही रक्तस्राव नाही, सिस्टरनी प्लास्टिकच्या साध्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं होतं आणि २० मिनिटांनी ते पातळ आहे. आता काय कराल? इथे इंटर्नला माहीत असावं लागतं की काचेचा पृष्ठभाग बारावा गोठणघटक जागा करतो आणि प्लास्टिक ते काम नीट करत नाही. म्हणून निरोगी माणसाचं रक्तही प्लास्टिकमध्ये पातळ राहू शकतं आणि हा निकाल धरता येत नाही. काचेत पुन्हा लावायचं, आणि तोवर रुग्णावर नजर ठेवायची.

असे १२-१५ प्रश्न पुरेत. त्यांचे दोन समांतर संच करा. अर्ध्या इंटर्नना आधी अ आणि मग ब, उरलेल्यांना उलट क्रमाने द्या, म्हणजे प्रश्न आठवून गुण वाढले ही शंका बरीच कमी होते. प्रश्न दोन फिजिशियन आणि एक ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधिकारी अशा तिघांना आधी वाचायला द्या. माझ्या अनुभवात वैद्यकीय अधिकाऱ्याची टिप्पणी सगळ्यांत कामाची असते, कारण रात्री दोन वाजता काय उपलब्ध असतं ते त्यालाच माहीत असतं.

करून दाखवणं: ऑस्की स्टेशनची खरी अडचण

थिसिसचा कणा इथे आहे, म्हणून जरा थांबते.

ऑस्की म्हणजे एकेका स्टेशनवर ठरलेल्या वेळात एकेक कौशल्य करून दाखवायची परीक्षा. २० मिनिटांची चाचणी ६ किंवा ८ मिनिटांच्या स्टेशनवर कशी बसवायची? ती दोन स्टेशनांत तोडा. पहिल्या स्टेशनवर मॅनिकिनचा हात, त्यात लाल द्रव, आणि एक ट्रे. ट्रेमध्ये जांभळ्या टोपीची ट्यूब, साधी प्लास्टिकची ट्यूब, कोरडी काचेची ट्यूब आणि आतून ओली असलेली काचेची ट्यूब, चारही ठेवा. कोणती उचलायची हे कोणी सांगायचं नाही. परीक्षकाने 'काचेची घ्या ना' असं पुटपुटलं तर स्टेशन वाया गेलं. दुसऱ्या स्टेशनवर तीन ट्यूब तयार ठेवा: एकीत लाल रंग घातलेलं घट्ट जिलेटिन, एकीत लाल पाणी, आणि तिसरी प्लास्टिकची, तिच्यातही लाल पाणी. प्रत्येक ट्यूबवर लावल्याची वेळ चिकटवा. एकीवर अशी वेळ लिहा की अजून २० मिनिटं झालेली नसतील. इंटर्नने प्रत्येक ट्यूबबद्दल निकाल सांगायचा आणि पुढचं पाऊल सांगायचं. खरं रक्त वापरण्याची गरज नाही.

तपासयादी लहान ठेवा. माझ्या यादीत आठ बाबी असतात, पण त्यांतल्या चार निर्णायक: कोरडी काचेची ट्यूब निवडली, वेळ लिहिली, २० मिनिटांपूर्वी हलवली नाही, निकालावरून योग्य निर्णय सांगितला. चारही जमल्या तरच 'जमलं'. हातमोजे घातले, रुग्णाला समजावलं, लेबल लावलं या बाबी महत्त्वाच्या आहेत आणि त्यांचे गुण वेगळे द्यावेत, पण सगळ्यांची बेरीज करून ८ पैकी ७ असा आकडा काढला, तर प्लास्टिकची ट्यूब उचललेला इंटर्नही उत्तीर्ण होतो. रुग्णाच्या दृष्टीने तो अनुत्तीर्ण आहे.

आता परीक्षक. तुम्ही स्वतः शिकवलेल्या इंटर्नना तुम्हीच गुण देणार असाल तर परीक्षेच्या वेळी पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि तो योग्यच आहे. स्टेशनचं चित्रीकरण करा, चेहरा न दाखवता फक्त हात आणि ट्रे. क्लिपवर आकडे घाला, क्रम मिसळा, आणि दोन परीक्षकांना वेगवेगळं बसवा. क्लिप सत्राआधीची की नंतरची, नव्या पद्धतीच्या गटाची की जुन्या, हे त्यांना कळता कामा नये.

दोघांचं किती जुळलं ते नुसत्या टक्केवारीत सांगू नका, योगायोग वगळून उरलेलं एकमत मोजणारा कप्पा द्या. आकडे काल्पनिक घेते. समजा ४० क्लिप आहेत. २२ मध्ये दोघंही 'जमलं' म्हणाले, १० मध्ये दोघंही 'नाही', ५ मध्ये फक्त पहिला 'जमलं' म्हणाला आणि ३ मध्ये फक्त दुसरा. एकमत ३२ क्लिपांत, म्हणजे ८० टक्के. ऐकायला चांगलं वाटतं. पण पहिल्याने २७ वेळा आणि दुसऱ्याने २५ वेळा 'जमलं' म्हटलं आहे. दोघंही डोळे मिटून त्याच प्रमाणात उत्तरं देत असते तरी काही एकमत योगायोगाने झालंच असतं:

```
योगायोगाचे एकमत = (27×25 + 13×15) / (40×40) = 0.544
कप्पा = (0.80 − 0.544) / (1 − 0.544) = 0.56
```

०.५६ हा आकडा मध्यम आहे. प्रबंधात तो जसा आहे तसा लिहा, आणि त्याआधी पायलटमध्येच शोधा की वाद कुठे होतो. बहुतेक वेळा तो 'हलवली नाही' या बाबीवर होतो, कारण ट्यूब स्टँडमध्ये ठेवताना थोडी हलतेच. व्याख्या पक्की करा: 'स्टँडमध्ये ठेवल्यावर पुन्हा हात लावला नाही'. अशा एका वाक्यानेही कप्पा वर जाऊ शकतो. मुख्य माहिती गोळा करायला सुरुवात झाल्यावर ही व्याख्या बदलता येत नाही, म्हणून १० क्लिपांचा पायलट आधी करणं अनिवार्य समजा.

तुलना कोणाशी, आणि पुन्हा कधी

एकाच गटाची आधी-नंतर तुलना केली तर वाढ सत्रामुळे झाली की दोन महिने वॉर्डात राहिल्यामुळे, हे सांगता येत नाही. दुसरीकडे सर्पदंशाची शिकवण एखाद्या गटाला द्यायचीच नाही, हे मला नैतिक वाटत नाही. वाट अशी आहे: दुसऱ्या गटाला नेहमीची बेडसाइड शिकवण मिळतेच, आणि अभ्यास संपला की त्यांनाही नवं सत्र द्यायचं. हे एथिक्स कमिटीच्या अर्जात वेळापत्रकासकट लिहा. संमती तुम्ही घेऊ नका. तुम्ही शिक्षक आहात आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याची सही तुमच्या विभागाकडून जाते, तेव्हा नाही म्हणणं इंटर्नला अवघड असतं. विभागाबाहेरच्या कोणीतरी संमती घ्यावी, आणि निकालाचा लॉगबुकशी संबंध नसेल हे लेखी द्यावं.

गट पाडताना एकाच होस्टेलवर राहणारे इंटर्न अर्धे इकडे अर्धे तिकडे केले तर रात्री जेवताना सगळं एकमेकांना कळतं. म्हणून ग्रामीण पोस्टिंगच्या तुकड्याच गट म्हणून धरा, शक्य असेल तर दोन वेगळ्या रुग्णालयांतल्या. याची किंमत आहे: एका तुकडीतले इंटर्न एकमेकांसारखे वागतात, त्यांचा एकच वैद्यकीय अधिकारी असतो, त्यामुळे २४ इंटर्न म्हणजे २४ स्वतंत्र माणसं होत नाहीत. सिनॉप्सिस लिहितानाच संख्याशास्त्रज्ञाला हे सांगा. माहिती गोळा झाल्यावर सांगितलंत तर त्याच्या हातात करण्यासारखं फार उरत नाही.

आणि मोजमाप तीनदा: सत्राआधी, सत्रानंतर लगेच, आणि आठ आठवड्यांनी. लगेचचं मोजमाप शिकवणं कसं झालं ते सांगतं. आठ आठवड्यांचं मोजमाप शिकणं किती उरलं ते सांगतं. थिसिसमध्ये तिसरं मोजमाप टाळलं जातं, कारण इंटर्न पांगलेले असतात. पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यात ते परत मुख्य रुग्णालयात रिपोर्ट करायला येतात, तो दिवस आधीच धरून ठेवा.

उदाहरणादाखल हे आकडे पहा. दोन्ही गटांत २४-२४ इंटर्न. चारही निर्णायक बाबी जमलेले: सत्राआधी नव्या गटात ५, जुन्या गटात ६. सत्रानंतर लगेच २१ आणि १२. आठ आठवड्यांनी १६ आणि १०. समाधानाचे गुण मात्र ५ पैकी ४.७ आणि ४.६. म्हणजे फीडबॅक फॉर्मला दोन्ही गटांत फरकच दिसला नाही, आणि लगेचचं मोजमाप फरक जरा जास्तच दाखवत होतं.

आता आठ आठवड्यांचा फरक: ६७ टक्के वजा ४२ टक्के, म्हणजे २५ टक्के-गुणांचा. त्याचा ९५ टक्के विश्वासांतर साधारण उणे २ ते अधिक ५२ येतो, आणि तुकड्यांचा परिणाम धरला तर तो आणखी रुंद होईल. इथे विद्यार्थी घाबरून लगेचच्या मोजमापाचा 'पी' पुढे करतात आणि हा आकडा परिशिष्टात ढकलतात. तसं करू नका. तुमची मुख्य निष्पत्ती आठ आठवड्यांची आहे असं तुम्ही सिनॉप्सिसमध्ये लिहिलं असेल, तर तीच पुढे राहते. प्रबंधात असं लिहा: फरक नव्या पद्धतीच्या बाजूने आहे, पण इतक्या इंटर्नवरून तो शून्यही असू शकतो हे नाकारता येत नाही, आणि दोन्ही गटांत लगेचचं कौशल्य काही प्रमाणात विसरलं गेलं. हे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर माझा विश्वास बसतो.

वॉर्डात प्रत्यक्ष काय होतं

इथवर सगळं मॅनिकिनवर होतं. रुग्णाजवळचं वर्तन मोजायला निरीक्षक उभा करता येतो, पण कोणी बघतं आहे म्हटल्यावर इंटर्न नीटच वागतो, आणि दंशाचा रुग्ण कधी येईल ते ठाऊक नसतं. म्हणून केसपेपर तपासणं हाच व्यवहार्य मार्ग. त्यात तीन खड्डे आहेत आणि तिन्ही आपल्या भागात खोल आहेत.

पहिला पावसाळ्याचा. मे महिन्यात सत्र घेतलं, आधीचे चार महिने फेब्रुवारी ते मे आणि नंतरचे जून ते सप्टेंबर अशी तुलना केली, तर रुग्णांची संख्या, त्यांना चावलेले साप, कॅज्युअल्टीतली गर्दी, सगळंच बदललेलं असतं. गर्दीत सराव होतो म्हणून चाचणी वाढू शकते, आणि गर्दीत वेळ नसतो म्हणून घटूही शकते. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच जून-सप्टेंबरशी करा.

दुसरा खड्डा भाजकाचा. 'इंटर्नने चाचणी केली का' असं विचारायचं तर त्या वेळी इंटर्न ड्युटीवर होता का हे आधी पाहावं लागतं. ड्युटी रोस्टर आणि कॅज्युअल्टी रजिस्टर शेजारी ठेवून वेळ जुळवा. केसपेपरवर सही बहुतेक वेळा वैद्यकीय अधिकाऱ्याची असते, त्यामुळे सहीवरून कर्ता ठरवू नका. काही इंटर्नच्या वाट्याला पूर्ण पोस्टिंगमध्ये एकही दंश येणार नाही. त्यांना 'वर्तन बदललं नाही' यात मोजू नका. त्यांना 'संधी मिळाली नाही' असं वेगळं दाखवा.

तिसरा खड्डा सगळ्यांत फसवा आहे. शिकवल्यामुळे काम वाढलं की फक्त लिहिणं वाढलं? पुन्हा काल्पनिक आकडे. गेल्या पावसाळ्यात ६० दंश, त्यांतल्या २१ केसपेपरवर चाचणीची नोंद, म्हणजे ३५ टक्के. या पावसाळ्यात ६६ दंश, ४३ नोंदी, ६५ टक्के. विद्यार्थी इथे थांबतो आणि वर्तन बदललं असं लिहितो. पण लावल्याची आणि पाहिल्याची, दोन्ही वेळा असलेल्या नोंदी मोजल्या तर त्या ९ वरून २० झालेल्या दिसतात, म्हणजे १५ वरून ३० टक्के. उरलेल्या २३ केसपेपरांवर नुसतं 'क्लॉटिंग नॉर्मल' लिहिलेलं आहे. मग स्टोअरचं रजिस्टर उघडा: त्या चार महिन्यांत काचेच्या १२ ट्यूब दिल्या गेल्या. १२ ट्यूबांत ४३ चाचण्या कशा झाल्या? एक तर ट्यूब धुऊन वापरल्या, आणि डिटर्जंटचा अंश राहिला तर चाचणी चुकते; किंवा प्लास्टिक वापरलं; किंवा काही नोंदी चाचणी न करताच झाल्या.

माझ्या त्या पहिल्या प्रकल्पात हे कळलं ते एका सिस्टरमुळे. मी इंटर्नला 'प्लास्टिक का घेतलंस' म्हणून विचारत होते. तिने मला बाजूला घेऊन कपाट उघडून दाखवलं. "मॅडम, काचेच्या ट्यूब कधीच्या संपल्यात. इंडेंट दिलाय. तो पोरगा माझ्याकडे तीनदा मागून गेला." त्याला सगळं आठवत होतं. सरावात तो चारही बाबी अचूक करायचा. मी त्याचं नाव 'वर्तन बदललं नाही' या रकान्यात लिहून आले होते.

म्हणून वर्तन मोजताना परिस्थितीही मोजा. दर सोमवारी कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये कोरड्या काचेच्या ट्यूब किती आहेत, भिंतीवरचं घड्याळ चालू आहे का, एएसव्हीच्या व्हायल किती शिल्लक आहेत, एवढी नोंद पुरे. फोनवर सिस्टरना विचारूनही होते. मग निकाल दोन भागांत मांडता येतो: ट्यूब उपलब्ध असताना किती वेळा नीट चाचणी झाली, आणि नसताना किती वेळा. पहिल्यात वाढ आणि दुसऱ्यात नाही असं दिसलं, तर शिकवणं जमलं आणि पुरवठा जमला नाही, हे तुम्ही पुराव्याने म्हणू शकता. रुग्णालयाच्या अधीक्षकांना द्यायला यापेक्षा उपयोगी कागद दुसरा नाही.

आकडे गप्प होतात तिथे बोला

मुलाखती सगळ्यांच्या घेऊ नका. रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची एक पद्धत या कामाला फार चांगली लागू पडते: ज्यांनी शिकलेलं सगळ्यांत जास्त वापरलं असे तीन-चार आणि ज्यांनी जवळजवळ वापरलंच नाही असे तीन-चार निवडायचे, आणि दोघांनाही विचारायचं, शेवटच्या दंशाच्या रुग्णाच्या वेळी क्रमाने काय झालं? 'सत्र कसं वाटलं' हा प्रश्न विचारायचा नाही. रुग्ण किती वाजता आला, पहिल्यांदा कोणी पाहिलं, ट्यूब कोणी दिली, वीस मिनिटं तू कुठे होतास, मध्येच प्रसूतीची केस आली का, वैद्यकीय अधिकारी काय म्हणाले. 'सरांनी सांगितलं, सूज दिसतेय ना, लाव एएसव्ही, थांबू नकोस' असं उत्तर तीन जणांकडून आलं, तर पुढच्या वेळी सत्र कोणासाठी घ्यायचं हे तुम्हाला कळलं. मुलाखत तुम्ही न घेता सहकाऱ्याने घ्यावी, नाही तर सगळे तुमच्या सत्राची स्तुतीच करतील.

चौथ्या पायरीचा मोह

मार्गदर्शक कधी कधी म्हणतात, मृत्यू कमी झाले का तेही दाखवा. एका-दोन ग्रामीण रुग्णालयांतल्या एका पावसाळ्यात मृत्यू इतके थोडे असतात की एकाने आकडा हलतो. रुग्ण किती उशिरा पोहोचला, १०८ मिळाली का, आधी मांत्रिकाकडे नेलं होतं का, यांचा परिणाम तुमच्या दोन तासांच्या सत्रापेक्षा कितीतरी मोठा आहे. महाडला हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशात प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला तो वर्षानुवर्षं रुग्ण पाहून. तसा दावा एका थिसिसच्या वर्षात बसत नाही. त्याऐवजी रुग्णाच्या जवळची एक मधली गोष्ट घ्या. एएसव्ही दिल्यानंतर यकृताला गोठणघटक पुन्हा तयार करायला साधारण सहा तास लागतात, म्हणून सहा तासांनी चाचणी परत करायची असते आणि रक्त तेव्हाही पातळ असेल तर पुढचा डोस द्यायचा असतो. ही सहा तासांची फेरचाचणी झाली का, हे केसपेपरवरून मोजता येतं, रुग्णाच्या हिताशी थेट जोडलेलं आहे, आणि ड्युटी बदलल्यावरही शिकवण टिकते का ते त्यात दिसतं. मृत्यूबद्दल मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद लिहा, की अभ्यासाचा आकार त्यासाठी नव्हता.

वेळेचं गणित आधी मांडा, कारण कोकणात ते पावसाशी बांधलेलं आहे. जूनमध्ये माहिती गोळा व्हायची असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी मार्चपर्यंत हातात हवी, म्हणजे अर्ज डिसेंबरात. ऑस्कीचा पायलट एप्रिलात, व्याख्या पक्क्या मे संपायच्या आत. गेल्या पावसाळ्याचे केसपेपर रेकॉर्ड रूममधून काढायचं कामही एप्रिल-मेमध्येच उरका. पाऊस सुरू झाला की ओल धरलेले गठ्ठे उलगडत नाहीत, आणि रेकॉर्डच्या मामांनाही मग वेळ नसतो. काचेच्या ट्यूबचा इंडेंट पहिली तुकडी रुजू व्हायच्या आधी स्वतः जाऊन पाहून या.